मोबाईलची रोजकीर्द, घरची खतावणी

जुन्या पेढीवर हिशेबाच्या दोन वह्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जे आले आणि जे गेले ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरत असे. संध्याकाळी किंवा आठवड्याच्या शेवटी त्यातील प्रत्येक नोंद उचलून खतावणीत आपापल्या खात्याखाली मांडली जाई. रोजकीर्द वाचून मंगळवारी काय घडले ते कळे. पण महिनाभरात तेलावर किती गेले, हमालीवर किती गेले, हे केवळ खतावणीच सांगू शके. ज्या दुकानदाराने खतावणी मागे पडू दिली, त्याच्या गल्ल्यात पैसा येऊनही तो कोठे जातो हे त्याला उमगत नसे.

आज मंद्रूपच्या चहाच्या गाड्यापासून सोलापूरच्या कापडपेठेपर्यंत जिकडेतिकडे क्यूआर कोडचे फलक लागलेले आहेत. भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था आणली. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने भीम ॲप सुरू झाले. तेव्हापासून प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक रोजकीर्द आपोआप लिहिली जात आहे. दहा रुपयांचा चहाही तिच्यातून सुटत नाही. पण या रोजकीर्दीची खतावणी मात्र कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात ती कशी करावी, एवढेच आम्ही सांगणार आहोत. त्यासाठी एक महिना, एक वही आणि एका रविवारची दुपार पुरेशी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरातील पैशाची गळती बहुधा मोठ्या रकमांत नसते, कारण मोठी रक्कम देताना माणूस थांबतो, विचार करतो, घरी विचारतो. गळती असते ती पुन्हा पुन्हा जाणाऱ्या लहान रकमांत. एकेकटी रक्कम पाहिली तर तिच्यात खटकण्यासारखे काही नसते. एकाच कारणाने गेलेल्या सर्व रकमा शेजारी शेजारी आल्या, म्हणजेच ती दिसते. मोबाईलमधील यादी तारखेच्या क्रमाने असल्यामुळे ती या रकमांना एकमेकींपासून दूर ठेवते. म्हणून यादी नुसती वाचून भागत नाही, ती मोडून नव्याने मांडावी लागते.

कोणते पत्रक घ्यावे

पुष्कळ जण पैसे देण्याच्या ॲपमधील ‘हिस्टरी’ उघडून तीवरून हिशेब करू लागतात. तेथे पहिली अडचण येते. एकाच बँक खात्याला दोन-तीन ॲप जोडलेली असतात आणि प्रत्येक ॲप केवळ स्वतःमार्फत झालेले व्यवहार दाखवते. म्हणून मूळ आधार बँकेच्या खातेपत्रकाचाच घ्यावा. बँकेच्या ॲपमधून एका पूर्ण महिन्याचे, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचे, पत्रक काढता येते. संगणक वापरणाऱ्यांनी ते एक्सेलच्या रूपात घ्यावे. इतरांनी छापील प्रत घेऊन वहीत उतरवले तरी चालते. ॲपची यादी शेजारी ठेवावी, कारण बँकेच्या पत्रकात बहुधा नसलेली एक गोष्ट तिच्यात असते, ती म्हणजे व्यवहाराची वेळ. तिचा उपयोग पुढे येईल.

महिना निवडताना तो साधा असावा. आपल्याकडे एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरच्या सुमारास नागपूरचा प्रवास, डिसेंबरात मुंबईचा प्रवास, जूनमध्ये शाळांची खरेदी, असे महिने खर्चाचे असतात. ज्यांचे उत्पन्न उसाच्या बिलावर आहे त्यांच्याकडे बिल जमा झालेला महिनाही वेगळाच दिसतो. पहिल्या प्रयत्नाला असा महिना घेऊ नये.

एक नोंद कशी वाचावी

बँकेच्या पत्रकात यूपीआयची नोंद प्रथम पाहणाऱ्याला सांकेतिक लिपीसारखी वाटते. बँकेगणिक तिचे रूप थोडे बदलते, पण साधारणपणे ती अशी असते:

```
UPI/DR/412300045678/CHAHA CENT/YESB/chaha123@xyz/UPI
```

येथे `DR` म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम. जमा झालेली असेल तर `CR` असते. त्यानंतरचा बारा अंकी आकडा हा त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक होय. तक्रार करण्याची वेळ आली तर तोच लागतो. पुढे पैसे घेणाऱ्याचे नाव, बहुतेक वेळा अर्धेच छापलेले, मग त्याच्या बँकेची खूण आणि त्यानंतर त्याचा यूपीआय आयडी येतो. शेवटी देणाऱ्याने काही शेरा लिहिला असेल तर तो असतो. नसेल तर नुसते `UPI` असे छापून येते.

या ओळीतून पैसे कोणाला गेले ते कळते, कशासाठी गेले ते कळत नाही. खतावणीची खरी मेहनत येथेच आहे. किराणा दुकानाचा क्यूआर कित्येकदा मालकाच्या मुलाच्या नावावर असतो. भाजीवाल्या मावशींचा त्यांच्या जावयाच्या नावावर असतो. म्हणून नाव पाहून निर्णय करू नये, यूपीआय आयडी पाहावा. नाव कोठे पूर्ण तर कोठे अर्धे छापले जाते, पण आयडी तोच राहतो. सर्व नोंदी आयडीप्रमाणे लावून घेतल्या की शंभर नोंदींमागे प्रत्यक्षात तीस-चाळीसच घेणारे आहेत असे आढळते. प्रत्येकाची ओळख एकदा पटली की त्याच्या सर्व नोंदींचा निकाल लागतो. मात्र एखाद्या दुकानात दोन कंपन्यांचे दोन क्यूआर लावलेले असतात. तेथे दोन आयडी एकाच दुकानाचे आहेत हे ध्यानात ठेवावे.

सदरे किती असावीत

नवशिका माणूस पहिल्या उत्साहात पंचवीस सदरे पाडतो. दूध वेगळे, दही वेगळे, अंडी वेगळी. तिसऱ्या पानावर कंटाळून तो वही मिटतो. दुसऱ्या टोकाला, चार सदरे पाडून उरलेले सगळे ‘इतर’मध्ये टाकणारेही असतात, आणि गळती नेमकी त्या ‘इतर’मध्येच दडून राहते. आठ-नऊ सदरे पुरतात.

सदर कसे पाडावे याची आमच्या मते एकच कसोटी आहे. हा खर्च कधी आणि कोणी ठरवतो, हे विचारावे. हप्ता, वीजबिल, विमा हे वर्षाच्या किंवा महिन्याच्या आरंभीच ठरलेले असतात. त्यांचे एक सदर. किराणा, भाजी, दूध, गॅस हे घरात बसून ठरते. त्यांचे दुसरे. चहा-नाश्ता व बाहेरचे खाणे हे रस्त्यात, उभ्या उभ्या, त्या क्षणी ठरते. ते किराण्यात कधीही मिसळू नये, जरी दोन्हींत पोटात जाते ते अन्नच असले तरी. मोबाईलचे रिचार्ज आणि दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या या एकदाच ठरवल्या जातात आणि मग कोणीच ठरवत नाही. म्हणून त्यांचे स्वतंत्र सदर हवे. याखेरीज प्रवास, औषधपाणी, शिक्षण, आणि नातेवाईक-लग्नकार्य-सामाजिक वर्गणी अशी चार सदरे धरावीत. शेवटी ‘न ओळखलेले’ असे एक सदर ठेवावे. त्याला ‘इतर’ म्हणू नये. ‘इतर’ म्हटले की काम संपल्यासारखे वाटते. ‘न ओळखलेले’ म्हटले की काम बाकी आहे याची आठवण राहते.

जो खर्च नाही तो आधी बाजूला काढावा

खात्यातून गेलेली प्रत्येक रक्कम हा खर्च नसतो. आपल्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे खर्च नव्हेत. शेजाऱ्याचे बिल आपण भरले आणि त्याने तेवढेच पैसे परत पाठवले, तर तोही खर्च नव्हे. येणे आणि जाणे या दोन्ही नोंदी बाजूला काढाव्यात. एखादी वस्तू परत करून पैसे माघारी आले असतील तर ते मूळ सदरातून वजा करावेत.

यातील सर्वांत फसवी नोंद यूपीआय लाइटची असते. लहान रकमा पिन न घालता देता याव्यात म्हणून ही सोय आहे. आपण खात्यातून पाचशे रुपये लाइटमध्ये भरतो आणि मग त्यातून दहा, वीस, चाळीस असे देत राहतो. बँकेच्या पत्रकात केवळ पाचशे रुपये भरल्याची एकच नोंद येते. पुढच्या पंधरा-वीस लहान व्यवहारांचा तेथे मागमूसही नसतो. म्हणजे ज्या लहान रकमा शोधण्यासाठी आपण बसलो, त्याच पत्रकातून नाहीशा झालेल्या असतात. त्या पाहण्यासाठी ज्या ॲपमध्ये लाइट चालू आहे त्यातील लाइटची यादी उघडावी लागते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेले असेल तर त्यावरचे व्यवहारही बँक खात्याच्या पत्रकात येत नाहीत. ते कार्डाच्या बिलात शोधावे लागतात.

एका घराचा महिना

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. घर आणि आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. मंद्रूपला राहणारे एक कुटुंब. कर्ता पुरुष सोलापुरात एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि एस.टी.ने जा-ये करतो. पगार २८,००० रुपये. महिन्याच्या आरंभी खात्यात शिल्लक ४,३५० रुपये होती. महिन्यात पगार आणि शेजाऱ्याने परत केलेले ८०० मिळून २८,८०० जमा झाले. एकूण १०७ नोंदींतून ३१,००० रुपये गेले. अखेरची शिल्लक २,१५० राहिली.

पहिली तपासणी येथेच करावी. आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक. ४,३५० अधिक २८,८०० म्हणजे ३३,१५०. त्यातून ३१,००० वजा जाता २,१५०. मेळ बसला, म्हणजे पत्रकातील एकही पान सुटलेले नाही.

मग खर्च नसलेल्या पाच नोंदी बाजूला काढल्या. दुसऱ्या बँकेतील बचत खात्यात ३,०००, शेजाऱ्यासाठी भरलेले ८००, आणि लाइटमध्ये तीन वेळा भरलेले ५०० याप्रमाणे १,५००. एकूण ५,३००. राहिल्या १०२ नोंदी आणि २५,७०० रुपये. त्यांची पहिली खतावणी अशी झाली:

| सदर | नोंदी | रुपये |
|---|---|---|
| ठरलेले हप्ते व बिले | ४ | ६,८५० |
| किराणा, भाजी, दूध, गॅस | ३१ | ७,९४० |
| प्रवास व पेट्रोल | ९ | २,७०० |
| औषधपाणी | ३ | १,१३० |
| शिक्षण | २ | १,९०० |
| चहा-नाश्ता, बाहेरचे खाणे | ३८ | १,७१० |
| रिचार्ज व वर्गण्या | ५ | १,०४६ |
| नातेवाईक, लग्नकार्य, वर्गणी | ४ | १,६५० |
| न ओळखलेले | ६ | ७७४ |
| एकूण | १०२ | २५,७०० |

एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांनी चार स्तंभ करावेत. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात घेणारा, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात सदर. मग प्रत्येक सदराची बेरीज आणि नोंदींची संख्या या दोन सूत्रांनी मिळते:

```
=SUMIF(D:D,"चहा-नाश्ता",C:C)
=COUNTIF(D:D,"चहा-नाश्ता")
```

सदराचे नाव सर्वत्र अक्षरशः एकसारखे लिहिलेले असावे. एका जागी ‘चहा-नाश्ता’ आणि दुसऱ्या जागी ‘चहा नाश्ता’ लिहिले तर सूत्र त्यांना दोन वेगळी सदरे समजते. बेरीज शून्य किंवा फार कमी आली, तर बँकेच्या फाईलमधील आकडे अक्षरांच्या रूपात आले आहेत असे समजावे. असे आकडे चौकटीच्या उजव्या कडेऐवजी डाव्या कडेला चिकटून दिसतात. त्यांचे अंकांत रूपांतर करून घ्यावे. वहीत करणाऱ्यांनी प्रत्येक सदराला एक पान द्यावे आणि पत्रकावरील उतरवलेल्या नोंदीपुढे बरोबरची खूण करावी. पद्धत कोणतीही असो, सर्व सदरांची बेरीज मूळ बेरजेशी जुळलीच पाहिजे.

येथे बहुतेक जण थांबतात. तक्त्यात चहा-नाश्त्याचे १,७१० दिसतात. ते प्रवासाहून कमी, शिक्षणाहूनही कमी आहेत. गळती कोठे दिसत नाही. पण अद्याप दोन जागा उघडलेल्या नाहीत, लाइटचे १,५०० आणि न ओळखलेले ७७४.

ॲपमधील लाइटची यादी उघडली तेव्हा तीत ४८ व्यवहार निघाले. महिन्याच्या आरंभी आणि अखेरीस लाइटमधील शिल्लक सारखीच होती, त्यामुळे भरलेले १,५०० पूर्ण खर्च झाले असे धरता आले. त्यांपैकी ३६ व्यवहार चहा-नाश्त्याचे, १,१२० रुपये. आठ रिक्षाचे, २४०. चार मुलांच्या झेरॉक्स आणि वह्यांचे, १४०. हे आपापल्या सदरात गेले.

न ओळखलेल्या सहांपैकी पाच नोंदींचा यूपीआय आयडी एकच होता. नाव कोणा अनोळखी व्यक्तीचे. ॲपमध्ये वेळ पाहिली तर पाचही वेळा संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान. तेव्हा उलगडा झाला. ती बेकरी होती आणि क्यूआर मालकाच्या वैयक्तिक नावाचा होता. ते ४७५ रुपये बाहेरच्या खाण्यात गेले. उरलेली एक नोंद २९९ रुपयांची. ती कोणीच दिली नव्हती, आपोआप कापली गेली होती. तिच्याविषयी पुढे सांगू.

सर्व नोंदी जागेवर बसल्यावर बाहेरच्या खाण्याचे सदर १,७१० वरून ३,३०५ रुपयांवर गेले आणि नोंदींची संख्या ३८ वरून ७९ झाली. पहिल्या तक्त्यात पाचव्या क्रमांकावर असलेले सदर आता हप्ते आणि किराणा यांच्या खालोखाल तिसरे झाले. महिन्याचा खरा खर्च २७,२०० ठरला. पगारातून तो वजा जाता ८०० उरतात. बचत खात्यात मात्र ३,००० टाकलेले होते. म्हणजे त्यातील २,२०० ही या महिन्याची बचत नव्हती, मागची शिल्लक तेवढी कमी झाली होती. घरातल्यांना आपण तीन हजार वाचवतो असे वाटत होते. खतावणीने सांगितले की आठशे वाचतात.

गळती नेमकी कोठे

मोठे सदर सापडले म्हणजे गळती सापडली असे नव्हे. ३,३०५ चा आकडा पाहताच घरात पहिला शब्द निघतो तो ‘चहा बंद करा’. तो निर्णय करण्यापूर्वी त्या ७९ नोंदी रकमेप्रमाणे लावून पाहाव्यात. येथे तीस रुपयांच्या आतील, म्हणजे निव्वळ चहाच्या, ५० नोंदी निघाल्या. त्यांची बेरीज अवघी ८०० रुपये. उरलेल्या २९ नोंदींचे मात्र २,५०५ रुपये झाले. म्हणजे दोषी ठरवला गेलेला चहा चौथ्या हिश्श्याहूनही कमी होता. शिवाय सहकाऱ्यांबरोबर घेतलेला चहा ही केवळ पिण्याची वस्तू नसते. तो तोडून मन दुखावते आणि हाती फार थोडे लागते.

त्या २९ नोंदींकडे वेळ आणि तारीख घेऊन पाहिले की कारण दिसू लागते. पाच बेकरीच्या, ४७५ रुपये. अकरा दुपारच्या जेवणाच्या, १,१०० रुपये. या अकराही तारखा पहिल्या पाळीच्या निघाल्या. त्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघावे लागते, तेव्हा डबा तयार झालेला नसतो. आणखी तेरा नोंदी कामावरून परतताना एस.टी. स्थानकाजवळच्या नाश्त्याच्या, ९३० रुपये. गाडीची वाट पाहताना भूक लागते आणि समोर गाडे असतात. तेव्हा ‘बाहेर खाण्याची सवय’ असे जिला नाव दिले असते, तिच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी होत्या, पहाटेचा न झालेला डबा आणि संध्याकाळची पाऊण तासाची वाट. कारण असे नेमके कळले की उपायही नेमका सुचतो. पहिल्या पाळीच्या आदल्या रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून ठेवली आणि परतीसाठी मूठभर भाजलेल्या शेंगा पिशवीत राहिल्या, तर यातील निम्मी रक्कम जरी वाचली तरी महिन्याला हजार रुपयांच्या घरात जाते. चहाला हातही लावावा लागत नाही.

गळतीची दुसरी जागा वर्गण्यांची. रिचार्ज व वर्गण्यांच्या सदरात २९९ मिळवल्यावर १,३४५ रुपये झाले. त्यात दोन मोबाईलचे रिचार्ज ६९८. राहिल्या चार वर्गण्या, १४९, १००, ९९ आणि २९९ रुपयांच्या. एकूण ६४७. घरात विचारल्यावर कळले की १४९ ची एकच वापरात आहे. उरलेल्या तिघींचे ४९८ रुपये दरमहा जात होते, वर्षाचे ५,९७६. कोणते तरी ॲप ‘पहिला महिना एक रुपयात’ म्हणून घेतलेले असते आणि त्या वेळी पिन घालून यूपीआय ऑटोपेला संमती दिलेली असते. पुढे ॲप मोबाईलमधून काढून टाकले तरी ती संमती रद्द होत नाही, पैसे कापले जातच राहतात. ती पाहण्यासाठी आपल्या यूपीआय ॲपमध्ये `AutoPay` किंवा `Mandates` हा विभाग उघडावा. तेथे चालू संमतींची यादी असते आणि प्रत्येक रद्द करण्याची सोय असते. घाईने सर्व रद्द करू नयेत, कारण त्याच यादीत कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ताही असू शकतो. यादीतील रक्कम व नाव पत्रकाशी ताडून मगच निर्णय करावा. पैसे कापले जाण्यापूर्वी एक दिवस आधी सूचनेचा संदेश येतो. तो न वाचता पुसण्याची सवय सोडावी.

दोन्ही ठिकाणी लावलेली कसोटी एकच होती. महिन्याची बेरीज आधीच कोणी समोर ठेवली असती, तर आपण हा खर्च करायचे ठरवले असते काय? ‘होय’ असे उत्तर आले तर तो खर्च, मग तो कितीही मोठा असो. ‘नाही’ आले तर ती गळती.

ही पद्धत काय दाखवत नाही

पत्रकाला देणे दिसते, पिशवीत काय पडले ते दिसत नाही. किराणा दुकानात दिलेल्या दोनशे रुपयांत डाळ किती आणि पुड्या किती, हे कळण्यासाठी दुकानदाराची चिठ्ठीच हवी. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेचेही तसेच. तिचे ‘रोख’ असे सदर करून तेथेच थांबावे, अंदाजाने वाटणी करू नये. वर्षातून एकदा येणारे खर्चही एका महिन्यात दिसत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढू नये. ऑटोपेसारख्या दरमहा ठरलेल्या रकमांनाच बाराने गुणावे.

एखादी नोंद सर्व प्रयत्नांनंतरही घरातील कोणालाच ओळखू आली नाही, तर ती फसवणूक असण्याची शक्यता धरावी. बँकेला तत्काळ कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वर सांगितलेला बारा अंकी संदर्भ क्रमांक तेव्हा हाताशी असावा. खातेपत्रकात आपला खाते क्रमांक आणि सर्व देणी-घेणी असतात. ते छापण्यासाठी दुकानात दिले तर तेथील संगणकावरून आणि व्हॉट्सॲपवरून फाईल पुसून घ्यावी.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या बाहेरची, पण हिशेब टिकण्यासाठी आवश्यक. ही खतावणी घरातील एकाने दुसऱ्याची चौकशी म्हणून करू नये. ज्याच्या मोबाईलमधील यादी, त्यानेच ती वाचावी आणि सदर सांगावे, दुसऱ्याने लिहावे. जेथे जाब विचारला जातो तेथे माणूस पुन्हा रोखीकडे वळतो, आणि मग रोजकीर्दही हातची जाते.

पुढील महिन्यापासून काम पुष्कळ हलके होते. पैसे देताना शेऱ्याच्या जागी एकच शब्द लिहावा, ‘डबा’, ‘भाजी’, ‘रिक्षा’. त्याला दोन सेकंद लागतात आणि तोच शब्द अनेक बँकांच्या पत्रकात नोंदीच्या अखेरीस छापून येतो. ओळख पटलेल्या यूपीआय आयडींची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी. तेच दुकानदार दर महिन्याला परत येतात. पहिल्या वेळी एक दुपार लागली असेल तर तिसऱ्या महिन्यात अर्ध्या तासात काम होते. आणि दर वेळी सर्व सदरे तपासण्याचीही गरज नसते. ज्या सदरात नोंदींची संख्या सर्वांत अधिक, त्याची बेरीज आधी करावी. उदाहरणातील घराने पुढल्या महिन्यात एवढेच पाहायचे आहे, की त्या ७९ नोंदींच्या आता किती झाल्या, आणि पहिल्या पाळीच्या तारखांना दुपारची नोंद आहे की नाही.